पोचल्याची खूण

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पहिली भोवळ आली ती सुंदरपेरुमाळ कोयिलच्या फलाटावर. त्या लहानशा स्टेशनात ते पुष्कळ वर्षं स्टेशनमास्तर होते. निवृत्तीनंतरही महिन्यातून एखाद्या सकाळी कुंभकोणमहून बस पकडून तिथे जात, बाकावर बसत आणि एक गाडी गेली की परत येत. त्या दिवशी गाडी गेली आणि हे बाकावरच कलंडले. चहावाल्यानं तोंडावर पाणी मारलं. दोन मिनिटांत उठून बसले, आणि आपण फलाटावर आडवे झालो याचीच त्यांना जास्त लाज वाटली. घरी आल्यावर त्यांनी मला फक्त वेळ सांगितली. नऊ वाजून सोळा मिनिटं. बाकीचं मला नंतर चहावाल्याकडून कळलं.

मी एका नर्सिंग होममध्ये काम करतो. मागच्या बाजूची खोली माझी. तिथे मी लोकांच्या हृदयाच्या नोंदी वाचतो. डॉक्टर पेशंटच्या छातीला तारा लावून एक लहान यंत्र कमरेला बांधतात, त्याला होल्टर म्हणतात. माणूस ते घेऊन घरी जातो, जेवतो, झोपतो, दुकान उघडतो. दिवस-दोन दिवसांनी यंत्र परत येतं. त्यातली साठवलेली फाइल मी संगणकावर उघडतो. संगणक लाखभर ठोक्यांचे सारखे-सारखे गट करून ठेवतो आणि मी ते गट तपासत बसतो. हा ठोका खरा, हा नुसता कूस बदलल्याचा, ही तार निघाली होती. एका माणसाला एक सकाळ लागते. शांत काम आहे. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला आवडावं असं.

या कामात एक गोष्ट नेहमी असते, आणि इतकी वर्षं मला ती सोयीची वाटत आली: फाइल माझ्यासमोर येते तेव्हा त्यातलं सगळं घडून गेलेलं असतं. काही संशयास्पद दिसलं तर मागे जाता येतं, पुढे जाता येतं, रात्रीची लय दिवसाच्या लयीशेजारी ठेवून पाहता येते. घाई नसते. चूक कमी होते. खर्चही कमी, कारण एक मी, एक संगणक आणि शेवटी डॉक्टरांची सही.

आमच्या डॉक्टरांनी अप्पांना तपासलं तेव्हा कार्डिओग्राम ठीक निघाला. तो दहा सेकंदांचा असतो. भोवळ त्या दहा सेकंदांत आली तरच कागदावर दिसणार. ते म्हणाले, हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे जाणारा निरोप मधूनच अडत असावा. पेसमेकर लागेलही, पण अडतो आहे हे दिसल्याशिवाय कसा बसवायचा? भरती करून ठेवलं तर तीन दिवस काहीच होणार नाही आणि घरी गेल्यावर चौथ्या दिवशी होईल. त्यापेक्षा घरीच नोंद घेऊ. आता दोन रस्ते होते.

एक म्हणजे सात दिवसांची साठवण. छातीला पट्टी चिकटवायची, आठव्या दिवशी काढायची, फाइल मी वाचायची. दुसरा म्हणजे चालू प्रवाह. पट्टी तशीच, पण ती सतत जवळच्या एका फोनला ठोके पाठवते, फोन ते चेन्नईच्या केंद्राला पाठवतो. तिथला संगणक आलेला प्रत्येक तुकडा लगेच तपासतो आणि तीन सेकंदांपेक्षा मोठा खंड पडला की पडद्यासमोर बसलेल्या माणसाला खूण करतो. तो माणूस रेघ पाहतो, खरं वाटलं तर घरी फोन करतो. घडल्यापासून फोन येईपर्यंत चार-पाच मिनिटं. यासाठी तिन्ही पाळ्यांना माणसं बसवावी लागतात, म्हणून भाडं साठवणीच्या कितीतरी पट.

मी साठवणीच्या बाजूनं बोललो. मला खोट्या खुणा माहीत होत्या. चालू प्रवाहाला पुढचं दिसत नाही. पेशंटनं पाठ खाजवली तरी त्याला वाटतं हृदय वेडंवाकडं झालं. आणि खोट्या खुणा टाळायला मर्यादा वर सरकवली की लहान खंड तो सोडून देतो. तुकडा तपासला की विसरला. पाच दिवस शेजारी-शेजारी मांडून पाहणं त्याचं काम नाही. हे सगळं मी जेवताना समजावून सांगितलं. त्या वेळी अक्का चेन्नईहून आलेली होती. अक्का माझी मोठी बहीण. तिनं भात कालवता कालवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, भाडं मी देते.

अप्पांनी पुढ्यातला भात संपवला. मग त्यांनी मला विचारलं, "तुझी ती फाइल. गाडी गेल्यावर रजिस्टर भरतात, तसं ना ते?"

"हो, तसंच."

"आणि ही चेन्नईवाली म्हणजे घंटा. पुढच्या स्टेशनानं घंटा द्यायची, आपण परत द्यायची, मग गाडी सोडायची."

"जवळजवळ."

"मग यात विचार कसला करतोस? रजिस्टर चांगलं ठेवावं. पण रजिस्टरनं कधी गाडी थांबवली नाही."

अक्का हसली. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरच्या मराठीत ती मला म्हणाली, की पुस्तकं वाचून माझी अक्कल छापील झाली आहे. पुण्याहून कधी कोणी पाहुणा आला तर आमच्या बोलण्याला जुनं म्हणतो; ही थट्टा मात्र त्याला लगेच कळेल.

पट्टी मीच लावली, डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली. तिच्या मध्यावर एक बटण होतं. चक्कर आल्यासारखं, धडधडल्यासारखं वाटलं तर ते दाबायचं, म्हणजे त्या क्षणाची वेगळी नोंद होते. दाबलं की पट्टी बारीक थरथरते. अप्पांनी ते करून पाहिलं. त्यांच्या छातीवर ठेवलेल्या माझ्या बोटांनाही ती थरथर जाणवली.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"थरथरलं म्हणजे पोचलं," मी म्हणालो.

पट्टीबरोबरच्या पत्रकात तसं लिहिलेलं नव्हतं. थरथर म्हणजे पट्टीनं नोंद घेतली, एवढंच. पुढे ती नोंद फोनला मिळणं आणि फोननं ती केंद्राला देणं या निराळ्या गोष्टी, आणि त्या होतात की नाही हे फोनच्या पडद्यावर दिसतं. फोन दहा पावलांच्या आत असावा, मध्ये भिंती आल्या तर त्याहून जवळ. फोन लांब गेला तर पट्टी थांबत नाही. ठोके स्वतःजवळ साठवत राहते आणि फोन जवळ आला की सगळं एकदम पाठवते. हे मला माहीत होतं. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला किती सांगायचं? मी सोपं करून सांगितलं. अप्पांनी मान डोलावली. परत आलेल्या घंटेवर विश्वास ठेवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

चार दिवस काही झालं नाही. पट्टीबरोबर भाड्यानं आलेला फोन अप्पा कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवून फिरत. देवळात जाताना, तळ्याकाठी बसताना, पूजेला बसताना पाटाशेजारी. केंद्रातून मला एकदाच फोन आला. ते पिंपातून पाणी काढत होते आणि रेघ हलली होती. अप्पा खूश झाले. म्हणाले, माणसं जागी आहेत.

पाचव्या दिवशी आजोबांचं श्राद्ध होतं.

आमच्याकडे श्राद्धाचं सोवळं कडक. अक्का त्यासाठीच राहिली होती. पहाटेपासून ओल्या लुगड्यात स्वयंपाकघरात होती. अप्पांनी आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. आंघोळ करून ओलं धोतर नेसून ते मधल्या चौकात आले तेव्हा मी त्यांच्या छातीवरच्या पट्टीकडे पाहिलं. ती चालणार का असं उपाध्यायांनी विचारायच्या आतच अप्पा म्हणाले, औषधाला दोष नाही. उपाध्याय दर्भ मांडायला बसले. मग अप्पांचं लक्ष खुंटीवरच्या कापडी पिशवीकडे गेलं.

"ती बाहेर ठेव."

"अप्पा, ती लांब गेली तर—"

"दोन-तीन तासांचा प्रश्न. दहा जणांच्या हाताचा फोन तो. सगळी दुकानं हिंडलेला. बाहेर ठेव."

मी पुढे काय म्हणायला हवं होतं ते मला आता शब्दन् शब्द येतं. पट्टी साठवेल पण पाठवणार नाही, एवढं म्हटलं असतं तरी त्यांना समजलं असतं. त्यांना सगळ्यात आधी समजलं असतं. पण उपाध्याय थांबले होते, दर्भ मांडले होते, आणि मी या सगळ्यावर पुरता विश्वास नसलेला मुलगा म्हणून घरात आधीच ओळखला जात होतो. श्राद्धाच्या दिवशी वाद नको. मी पिशवी घेतली, माझाही फोन आवाज बंद करून तिच्यात टाकला आणि दोन्ही बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, ठेवून आलो. चौक आणि तिण्णै यांच्यामध्ये दोन जाड भिंती आणि लांबलचक ओसरी आहे.

परत येऊन मी अप्पांच्या मागे बसलो. हवं ते हाताशी देणं हे माझं काम: तीळ, पाणी, दर्भ. श्राद्धात जानवं पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. देवांसाठी डाव्या खांद्यावर, पितरांसाठी उजव्या. उपाध्याय सव्य म्हणाले, अपसव्य म्हणाले की अप्पांचा हात खांद्याकडे जाई, छातीवरून फिरे आणि खाली येई. लहानपणापासून पाहिलेली हालचाल. त्या सकाळी ती मी कितीदा पाहिली कोण जाणे. एक-दोनदा हात छातीवर थोडा जास्त रेंगाळला असं आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं का, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

ब्राह्मण जेवले. पिंड झाले. कावळ्याचा घास राहिला होता. अक्कानं भाताचा गोळा पानावर ठेवून अप्पांच्या हातात दिला आणि ते मागच्या परसात गेले. परसाच्या भिंतीवर कावळे आधीच येऊन बसलेले होते. मी दारात उभा होतो. अप्पांनी पान भिंतीवर ठेवलं, हात जोडले, उजवा हात छातीकडे नेला. मग ते भिंतीला धरून खाली बसले, सावकाश, बसायचंच होतं असे. मला वाटलं थकले. मी तिथे पोचेपर्यंत ते आडवे झाले होते.

परसाच्या दारातून शेजाऱ्यांच्या गाडीत घालून नर्सिंग होमला न्यायला बारा मिनिटं लागली. सगळी वाट मी त्यांची छाती दाबत होतो. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, आणि मग करायचं थांबवलं.

तीनच्या सुमारास आम्ही त्यांना घरी आणलं. ओसरीवर, दाराजवळच ठेवलं, दक्षिणेकडे डोकं करून. पट्टी काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. गल्लीतली माणसं येऊ लागली. मी तिण्णैवर जाऊन बसलो, माझा फोन पिशवीतून काढला. केंद्राचे दोन फोन येऊन गेले होते, सकाळी साडेदहाला आणि साडेअकराला, आणि एक निरोप: पेशंटचा फोन संपर्कात नाही, कृपया जवळ ठेवा. मी ते वाचत होतो तेवढ्यात तोच नंबर परत वाजला. मी उचलला.

एका तरुण मुलीचा आवाज होता, तमिळमध्ये, घाईचा पण नीट.

"सर, सकाळची नोंद आमच्याकडे आत्ता यायला लागली आहे. दहा पंचवीसला चार सेकंदांचा खंड दिसतोय. ते आत्ता कसे आहेत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर, आत्ताची रेघ सरळ येतेय. पट्टी सुटली आहे का?"

मी दारातून आत पाहिलं. "नाही," मी म्हणालो. "पट्टी लागलेली आहे."

तिच्यामागे दुसऱ्या कोणाचा तरी फोन वाजत होता. मग ती शिकवल्याप्रमाणे म्हणाली की लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

काय झालं होतं ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. अप्पांना ओसरीवर आणल्यावर मध्ये एकच दार उरलं आणि पट्टीला फोन सापडला. मग तिनं सकाळपासून जपून ठेवलेलं सगळं पाठवायला घेतलं. माझ्या मांडीशेजारच्या पिशवीत फोनचा पडदा लुकलुकत होता. आत अक्का अप्पांच्या कपाळावरचे केस मागे सारत होती, आणि त्यांची सकाळ ठोक्याठोक्यानं माझ्या शेजारून चेन्नईला चालली होती. मी उठून पट्टी काढायला हवी होती. मी ती पूर्ण जाऊ दिली.

दिवस झाले. माणसं पांगली. चेन्नईला जाताना अक्कानं मला एक काम सांगितलं. केंद्राकडून पूर्ण फाइल मागवायची आणि ती मीच वाचायची. तिचं म्हणणं साधं होतं. एवढं भाडं घेतलं ते उशीर होऊ नये म्हणून. घटना सकाळची आणि फोन दुपारी. तिला तक्रार करायची होती आणि तक्रारीला वेळा हव्या होत्या. "कोणाचा उशीर ते मला लिहून दे," ती म्हणाली. "पुढचं मी बघते."

पिशवी बाहेर मी ठेवली हे तिला माहीत आहे की नाही, ते मला माहीत नव्हतं. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. मी ते सांगितलं नाही. हो म्हणालो.

फाइल महिन्यानं आली. ती माझ्या संगणकात आणखी दोन महिने पडून होती. त्या काळात मी इतरांच्या फाइली वाचल्या. नाचियार्कोविलच्या एका दिवे घडवणाऱ्याची वाचली, एका कापडवाल्याची, एका बाळंतिणीची. अप्पांची फाइल यादीत खाली खाली सरकत गेली. तिच्यापुढे माझंच आडनाव दिसे. एकदा डॉक्टर खोलीत आले, त्यांना ती दिसली. म्हणाले, मी वाचतो, तू नको. मी म्हणालो, नाही, मीच. ते म्हणाले, "एक लक्षात ठेव. तू ती शेवट माहीत असताना वाचणार आहेस. त्या सकाळी तो कोणालाच माहीत नव्हता."

एका सोमवारी सकाळी मी ती उघडली.

पहिले चार दिवस मी नेहमीसारखे वाचले. गट तपासले, हालचाल वेगळी काढली. चारही दिवस शेजारी-शेजारी लावल्यावर एक गोष्ट दिसली. झोपेत, पहाटेच्या आधी, लहान खंड होते. पहिल्या दिवशी सव्वादोन सेकंदांचा, मग अडीच, मग त्याहून थोडा मोठा, चौथ्या दिवशी तीनला जरा कमी. प्रत्येक वेळी मर्यादेच्या आतला. चालू प्रवाहानं त्यातला प्रत्येक पाहिला होता आणि नियमाप्रमाणे सोडून दिला होता. ओळीत मांडले तर शाळेतल्या मुलालाही चढ कळला असता. पण ते ओळीत मांडायला सात दिवस पुरे व्हावे लागले असते, आणि आमच्याकडे साडेचारच होते. माझ्या पद्धतीनं ते सगळं पाहिलं असतं, आणि काहीच केलं नसतं.

मग पाचवा दिवस. दहा पंचवीस: चार सेकंद. वरच्या कप्प्याचा निरोप नीट दिसत होता, खालच्यानं उत्तर दिलं नव्हतं, मग दिलं. दोन्ही फोन आवाज चालू ठेवून पाटाशेजारी असते तर साडेदहाला घरात घंटा वाजली असती. नर्सिंग होम बारा मिनिटांवर. तात्पुरता पेसमेकर आमच्याकडे आहे. हिशोब सोपा होता आणि मी तो पुन्हा पुन्हा केला.

पुढे सरकलो तेव्हा पडद्यावर लहान निळी खूण आली. ती पेशंटनं बटण दाबल्याची असते. अकरा वाजून बारा मिनिटं. खूण कशी दिसते ते मला माहीत आहे, रोज पाहतो. तरी ती काय आहे हे कळायला मला वेळ लागला. पुढची अकरा सत्तेचाळीसला. मी खुर्ची मागे सारली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. त्या दोन वेळांना उपाध्याय काय म्हणत होते, मी अप्पांच्या मागे बसून काय पुढे करत होतो, ते आठवू पाहिलं. तीळ असतील. पाणी असेल. अप्पांचा हात खांद्याकडे गेला असेल, आणि मला वाटलं असेल अपसव्य.

त्यांनी दाबलं होतं. त्यांच्या बोटाखाली थरथरलं होतं. म्हणजे पोचलं. वर्दी दिली, उलट घंटा आली. आता काळजी पुढच्या स्टेशनाची, आपण हातातलं काम करायचं. म्हणून ते बोलले नाहीत. अर्ध्या श्राद्धातून उठले नाहीत. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, आणि त्यांनी माझ्यावर किती भरवसा ठेवला होता हे मला त्या निळ्या खुणांवरून कळलं.

तिसरी खूण बारा अडतीसला होती. त्यानंतर खालच्या कप्प्याचे ठोके लांब लांब जात गेले आणि थांबले. वरचा कप्पा मात्र थांबला नव्हता. लहान, गोल, एकसारख्या उंचवट्यांची ओळ कितीतरी वेळ पुढे चालू होती. वरून हाका जात होत्या, खालून उत्तर नव्हतं. नंतर त्या ओळीत मोठे वेडेवाकडे चढउतार आले. संगणकानं त्यांच्यावर लिहिलं होतं: हालचाल. ते माझे हात होते, गाडीतले.

मी अक्काला त्याच संध्याकाळी फोन केला. तक्रार करू नकोस, असं सांगायला. केंद्राचा उशीर नव्हता. त्यांनी दोनदा फोन केले होते, ते मी आवाज बंद करून बाहेर ठेवलेल्या फोनवर आले. अप्पांचा फोनही मीच बाहेर ठेवला. मग बटणाचं सांगितलं. मी लिहून आणलेला कागद वाचावा तसं सगळं वेळेसकट सांगत गेलो.

अक्का म्हणाली, "पिशवी नेताना मी पाहिलं होतं तुला."

"मग बोलली का नाहीस?"

"सोवळ्यात होते. शिवाय मलाही वाटलंच ना, दोन-तीन तासांचा प्रश्न." मग ती म्हणाली, "तक्रार-तक्रार म्हणत होते ती म्हणूनच. कोणाचं तरी नाव निघावं, आपलं सोडून."

तिला मी शेवटचं सांगितलं नव्हतं. ते मी तेव्हा सांगितलं: थरथरलं म्हणजे पोचलं, असं मी म्हणालो होतो, आणि ते खरं नव्हतं.

तिनं वेळच पुन्हा विचारली.

"तिसऱ्यांदा कधी म्हणालास?"

"बारा अडतीस."

"पान मी दिलं हातात त्याच्या जरा आधी." ती हळू बोलत होती, मनात वेळा जुळवत असावी. "म्हणजे भिंतीपाशी."

"हो."

"आणि थरथरलं असेल?"

"थरथरलं असेल. पट्टी चालू होती."

"मग त्यांना वाटलं असेल पोचलं," अक्का म्हणाली. "वाटलं असेल, कोणीतरी निघालंय."

ती हे मला धीर द्यायला म्हणाली की स्वतःला, की नुसतं म्हणाली, ते मी विचारलं नाही. तक्रार तिनं केली नाही.

अजूनही मी त्याच खोलीत बसतो. चालू प्रवाहाची पट्टी लावायची असेल तर डॉक्टर मलाच बोलावतात. मी पेशंटला विचारतो, पुढच्या आठवड्यात घरी श्राद्ध आहे का, सोवळ्यातलं काही आहे का, फोन लांब ठेवावा लागेल असा एखादा दिवस आहे का. लोकांना प्रश्नाचं नवल वाटतं. असला तसा दिवस तर पट्टी त्याच्या दुसऱ्या दिवशी लावू, किंवा फोन धुतलेल्या कापडात गुंडाळून जवळ ठेवू, असं काहीतरी ठरवतो. मग बटण दाबायला सांगतो. त्यांच्या छातीवर माझी बोटं असतात.

"हे थरथरलं ना," मी सांगतो, "म्हणजे फक्त साठलं. पोचलं की नाही ते फोनवर बघायचं. आणि काही वाटलं तर बटणावर राहू नका. तोंडानं सांगा. जवळ जो असेल त्याला."

परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हे ऐकून घेतलं, पुन्हा एकदा बटण दाबलं आणि ती थरथर संपेपर्यंत मान खाली घालून थांबले. मी बोटं काढली नाहीत. ती थांबल्यावरही थोडा वेळ ठेवली.